जाड भिंतीच्या सिलिंडरमधला रेडियल आणि हूप स्ट्रेस: एक सिलिंडर आतून बाहेर सोडवू या

थिन सिलिंडरचं सूत्र एका ओळीचं आहे: आतला दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. ते एकदा हातात बसलं की थिक सिलिंडरचा धडा उगाच किचकट केल्यासारखा वाटतो. दोन स्थिरांक, छेदात त्रिज्येचा वर्ग, मध्येच उणे चिन्हं, आणि एवढं करून उत्तर एक नाहीच. भिंतीत जिथे बोट ठेवाल तिथे वेगळं. गोंधळ बहुतेक वेळा गणितात होत नाही. आपण नेमकं काय काढतोय आणि आलेलं उत्तर कशाशी ताडायचं, इथे तो होतो. म्हणून या लेखात अनेक उदाहरणं घेण्याऐवजी एकच सिलिंडर घेऊ आणि तो शेवटपर्यंत नेऊ.

आपला सिलिंडर असा आहे: आतली त्रिज्या ५० मिमी, बाहेरची त्रिज्या १०० मिमी, आत ६० मेगापास्कल दाब, बाहेर मोकळी हवा. पोलादाचा यंग्ज मॉड्युलस २०० गिगापास्कल, पॉयसन गुणोत्तर ०.३, यील्ड स्ट्रेस २५० मेगापास्कल. दोन्ही टोकं झाकणांनी बंद. आकडे मुद्दाम असे घेतलेत की बरंचसं गणित कागदावर पटकन सुटेल आणि लक्ष वागणुकीवर राहील.

## सुरुवातीआधी हाताशी काय हवं

- ड्रॉइंग, ज्यात आतला आणि बाहेरचा दोन्ही व्यास स्पष्ट असतील. गंजासाठी जाडी सोडायची असेल तर ती वजा केल्यानंतरचे व्यास घ्या.
- दाबाचा आकडा, आणि तो रोजच्या कामाचा आहे की चाचणीचा, ही नोंद.
- मटेरियलचा यील्ड स्ट्रेस, जिथे सिलिंडर चालणार त्या तापमानाचा. शिवाय यंग्ज मॉड्युलस आणि पॉयसन गुणोत्तर.
- टोकांची माहिती: झाकण सिलिंडरलाच जोडलेलं आहे, की दाब अडवणारा पिस्टन बाहेरच्या फ्रेमवर टेकलेला आहे? ही गोष्ट ड्रॉइंगवरून कळली नाही तर विचारून घ्या. पायरी ७ मध्ये ती लागणार आहे.
- कॅल्क्युलेटर. पायथन येत असेल तर उत्तम, पण अडत काही नाही.

## १. आधी ठरवा, थिक सूत्राची गरज आहे का

बाहेरची त्रिज्या भागिले आतली त्रिज्या हे गुणोत्तर काढा. त्याला k म्हणू. k जर १.१ असेल, म्हणजे जाडी आतल्या त्रिज्येच्या दहाव्या हिश्श्याएवढी, तर थिन सूत्र हूप स्ट्रेस दाबाच्या १० पट सांगतं. खरा कमाल स्ट्रेस १०.५ पट असतो. फरक पाच टक्क्यांचा. तिथवर थिन सूत्र चालवून घेता येतं. त्याच्या पुढे फरक झपाट्याने वाढतो.

आपला k आहे २. थिन सूत्राने ६० गुणिले ५० भागिले ५०, म्हणजे ६० मेगापास्कल येतात. खरा कमाल हूप स्ट्रेस १०० आहे, हे पुढे दिसेलच. काही जण आतल्या त्रिज्येऐवजी मधली त्रिज्या वापरतात. तसं केलं तर ९० येतात आणि 'जवळ आलो' असं वाटतं. पण मग ९० हा भिंतीतल्या कुठल्या जागेचा स्ट्रेस, असं विचारलं तर उत्तर देता येत नाही. सरासरी म्हणावी तर ती ६० आहे, कमाल म्हणावा तर तो १००.

## २. चिन्हं आणि अक्षरं कागदाच्या कोपऱ्यात लिहून टाका

या लेखात ताण अधिक आणि दाब उणे. आतल्या पृष्ठभागावर द्रव भिंतीला बाहेर ढकलतो, म्हणजे भिंतीचा तो थर त्रिज्येच्या दिशेने दाबला जातो. म्हणून तिथे रेडियल स्ट्रेस उणे ६०, अधिक नाही. हे उणे चिन्ह विसरणं ही या विषयातली सर्वात नेहमीची चूक आहे, आणि ती ओळखणं सोपं आहे: चिन्ह उलटं पडलं की हूप स्ट्रेस सगळ्या भिंतीत उणे येतो. आतून फुगवलेल्या सिलिंडरचा घेर आक्रसतोय असं गणित सांगू लागलं, की परत मागे जा.

दुसरा सापळा पुस्तकांचा. काही पुस्तकं रेडियल स्ट्रेसला 'रेडियल प्रेशर' म्हणतात आणि दाबच अधिक धरतात. त्यांचं सूत्र `px = b/x² − a` असं दिसतं, आणि त्यातले a आणि b हे त्रिज्या नसून स्थिरांक असतात. दुसऱ्या पुस्तकात a आणि b याच त्रिज्या. दोन पुस्तकं शेजारी उघडून अर्धं यातून आणि अर्धं त्यातून घेतलं, तर उत्तर येतंही, फक्त चुकीचं येतं. एक पद्धत निवडा आणि तिच्याशीच राहा. इथे a म्हणजे आतली त्रिज्या, b बाहेरची, आणि स्थिरांक मोठ्या अक्षरात A आणि B.

## ३. सूत्राआधी भिंतीच्या कड्या करून पाहा

हा भाग परीक्षेत विचारत नाहीत. तो घाईने ओलांडू नका, कारण पुढचं सगळं यातून सुचतं.

सिलिंडरचा लांबीच्या दिशेने १ मिमी रुंदीचा काप घ्या आणि तो आडव्या व्यासावर चिरा. आतला दाब वरच्या अर्ध्या भागाला ६० गुणिले १००, म्हणजे ६००० न्यूटनने वर ढकलतो. डावी आणि उजवी भिंत मिळून तो पेलतात, प्रत्येकी ३००० न्यूटन. प्रश्न इतकाच की भिंतीच्या ५० मिमी जाडीत हे ३००० न्यूटन वाटले कसे जातात. सारखे वाटले गेले असते तर प्रत्येक मिलिमीटरला ६० आले असते, आणि थिन सूत्र बरोबर ठरलं असतं.

आता भिंत म्हणजे १ मिमी जाडीच्या, एकीत एक घट्ट बसलेल्या ५० कड्या असं समजा. सर्वात आतल्या कडीला आतून ६० मेगापास्कल दाब मिळतो. ती थोडी फुगते आणि उरलेला दाब बाहेरच्या कडीकडे सोपवते. ५१ मिमी त्रिज्येवर हा उरलेला दाब ५६.८९ मेगापास्कल असतो (तो कसा काढायचा ते पुढच्या पायरीत). आतून आलेला जोर ६० गुणिले ५०, म्हणजे ३००० न्यूटन. पुढे दिलेला जोर ५६.८९ गुणिले ५१, म्हणजे सुमारे २९०१.६. मधला फरक ९८.४ न्यूटन पहिल्या कडीने स्वतः पेलला. तिचा छेद १ मिमी बाय १ मिमी, तेव्हा तिच्यातला सरासरी हूप स्ट्रेस ९८.४ मेगापास्कल.

हाच हिशोब शेवटच्या कडीचा करा. तिला ९९ मिमी त्रिज्येवर आतून मिळतो फक्त ०.४०६ मेगापास्कल. गुणिले ९९ केले की ४०.२ न्यूटन. बाहेर काहीच द्यायचं नाही, म्हणून तेवढाच भार तिचा.

म्हणजे सारख्याच जाडीच्या दोन कड्या, पण आतली ९८ पेलते आणि बाहेरची ४०. असं का? कारण कड्या एकमेकींना चिकटून आहेत आणि त्यांचं फुगणं एकमेकींवर बांधलेलं आहे. या सिलिंडरची आतली त्रिज्या ०.०२८ मिमीने वाढते आणि बाहेरची ०.०१७ मिमीने. आतली वाढ ५० मिमीवर पसरते, बाहेरची १०० मिमीवर. टक्केवारीत पाहिलं तर आतला थर बाहेरच्या थराच्या तिपटीहून जास्त ताणला जातो. बाहेरचं पोलाद तिथे आहे, भक्कमही आहे, पण त्याच्यापर्यंत ताण पुरेसा पोचतच नाही. थिक सिलिंडरची सगळी अडचण या एका गोष्टीत आहे.

## ४. A आणि B काढा

गॅब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे कोडं सोडवलं. त्याला दोनच गोष्टी लागल्या. पहिली म्हणजे वर केलेला कडीचा हिशोब, फक्त कडी अतिशय पातळ घेऊन. दुसरी अशी की टोकांपासून दूर असलेला सपाट आडवा छेद दाब दिल्यावरही सपाट राहतो. यावरून निघतं की रेडियल आणि हूप स्ट्रेसची बेरीज भिंतीत सगळीकडे सारखी असते. दोन्ही एकत्र केलं की सूत्र मिळतं:

```
σr = A − B/r²
σθ = A + B/r²
```

A आणि B काढायला भिंतीच्या दोन कडांवर काय माहीत आहे ते वापरायचं. आतल्या पृष्ठभागावर σr उणे दाबाइतका, बाहेरच्या पृष्ठभागावर शून्य. हूप स्ट्रेस कुठल्याही कडेवर आधी माहीत नसतो, तेव्हा तो गृहीत धरू नका. बाहेर वातावरणाचा दाब आहेच की, असा प्रश्न पडेल. आपण दाब गेजवरचा घेतोय, तेव्हा तो दोन्हीकडून आधीच वजा झाला आहे.

```
A = p·a² / (b² − a²) = 60 × 2500 / 7500 = 20 MPa
B = A·b²             = 20 × 10000       = 200000 N
```

B चं एकक मेगापास्कल गुणिले चौरस मिलिमीटर, म्हणजे न्यूटन. इथे एक सापळा आहे. ड्रॉइंगवर व्यास असतात, आणि व्यास तसेच घातले तर A बरोबर येतो, कारण वर-खाली दोन्हीकडे चारपट होऊन कटतो. B मात्र चौपट होतो. A बरोबर आल्यामुळे संशय येत नाही आणि पुढे r जागी त्रिज्या घातली की सगळं बिघडतं. म्हणून पहिल्याच ओळीत व्यासांच्या त्रिज्या करून घ्या.

## ५. भिंतीत पाच जागी किंमती घाला

| त्रिज्या, मिमी | रेडियल स्ट्रेस, मेगापास्कल | हूप स्ट्रेस, मेगापास्कल |
|---|---|---|
| ५० | −६०.० | १००.० |
| ६० | −३५.६ | ७५.६ |
| ७५ | −१५.६ | ५५.६ |
| ९० | −४.७ | ४४.७ |
| १०० | ० | ४०.० |

पायथनमध्ये करायचं असेल तर एवढं पुरे:

```python
a, b, p = 50.0, 100.0, 60.0   # mm, mm, MPa
A = p*a**2/(b**2 - a**2)
B = A*b**2
for r in (50, 60, 75, 90, 100):
    sr = A - B/r**2
    st = A + B/r**2
    print(r, round(sr, 1), round(st, 1), round(sr + st, 1))
```

आता आलेख काढा, शक्यतो हाताने. दोन्ही वक्र आतल्या बाजूला तीव्र उताराचे आणि बाहेर सपाट होत जाणारे दिसतील. रेडियल स्ट्रेस सरळ रेषेत उतरला असता तर भिंतीच्या मध्यावर ३० उरला असता, प्रत्यक्षात १५.६ उरतो. म्हणजे पहिल्या अर्ध्या जाडीतच दाबाचा पाऊण हिस्सा जिरला. आणखी एक गंमत: वीसच्या आडव्या रेषेवर आरसा ठेवला तर एक वक्र म्हणजे दुसऱ्याचं प्रतिबिंब. ती रेषा म्हणजे A.

नवशिक्यांच्या आलेखात हमखास दिसणारी चूक म्हणजे बाहेरच्या कडेवर दोन्ही वक्र शून्याला टेकवणं. शून्य होतो तो फक्त रेडियल स्ट्रेस, कारण बाहेरून भिंतीला ढकलणारं काही नाही. हूप स्ट्रेस तिथेही ४० आहे आणि असायलाच हवा. बाहेरची कडीसुद्धा ताणलेलीच आहे.

आडव्या अक्षावर r ऐवजी `1/r²` घेतलं तर दोन्ही वक्र सरळ रेषा होतात, एक चढती आणि एक तितक्याच उताराची उतरती. एकात एक बसवलेल्या नळ्यांचं गणित करताना ही युक्ती वेळ वाचवते, कारण सांध्याच्या जागी रेषा कुठे तुटते ते डोळ्यांना दिसतं.

## ६. पुढे जाण्याआधी उत्तर तपासा

तीन तपासण्या आहेत.

पहिली: रेडियल आणि हूप स्ट्रेसची बेरीज प्रत्येक ओळीत सारखी हवी. आपल्याकडे ती सगळीकडे ४० येते.

दुसरी: आतला हूप स्ट्रेस वजा बाहेरचा हूप स्ट्रेस, हा फरक बरोबर आतल्या दाबाएवढा हवा. १०० वजा ४०, म्हणजे ६०. सिलिंडरची मापं कोणतीही असोत, फक्त आतून दाब असेल तर हे खरंच ठरतं. दुसऱ्याचं गणित तपासताना मी सर्वात आधी हेच बघतो.

तिसरी: हूप स्ट्रेसच्या वक्राखालचं क्षेत्रफळ दाब गुणिले आतल्या त्रिज्येएवढं हवं. पायरी ३ मधले ३००० न्यूटन आठवा.

```
A·(b − a) + B·(1/a − 1/b) = 1000 + 2000 = 3000 N/mm
```

सॉफ्टवेअरमध्ये फायनाइट एलिमेंट मॉडेल करून पाहणार असाल तर याच तपासण्या तिथेही लावा. तिथला ठरलेला सापळा असा: भिंतीच्या जाडीत १० मिमीचे पाच एलिमेंट घातले आणि स्ट्रेस एलिमेंटच्या मध्यावर वाचला, तर पहिलं वाचन ५५ मिमी त्रिज्येचं असतं. लामेच्या सूत्रानेच तिथे हूप स्ट्रेस ८६ आहे. मॉडेल चुकलेलं नसतं, पण अहवालात 'कमाल स्ट्रेस ८६' असं जातं आणि १४ टक्के कुठे गेले ते कुणाला कळत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: त्याच जागी रेडियल स्ट्रेस वाचा. तो उणे ६० च्या जवळ नसेल, तर तुम्ही पृष्ठभागावर वाचत नाही आहात. जाळी आतल्या बाजूला दाट करा आणि मूल्यं पृष्ठभागावरच्या नोडवर घ्या.

## ७. लांबीच्या दिशेचा स्ट्रेस विसरू नका

झाकणं सिलिंडरलाच जोडलेली असतील तर त्यांच्यावरचा दाब भिंतीला लांबीच्या दिशेने ओढतो. हा जोर दाब गुणिले आतल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ, आणि तो भिंतीच्या छेदावर सारखा वाटला जातो. भागाकार करून पाहा, तो नेमका A येतो: २० मेगापास्कल. योगायोग नाही, रेडियल आणि हूप स्ट्रेसच्या बरोबर मध्ये तो बसतो.

पिस्टन बाहेरच्या फ्रेमवर टेकलेला असेल आणि सिलिंडर लांबीला मोकळा असेल तर हा स्ट्रेस शून्य. दोन्ही टोकं न हलणाऱ्या भिंतींत पकडलेली असतील, तर लांबी बदलू शकत नाही आणि स्ट्रेस पॉयसन गुणोत्तर गुणिले ४०, म्हणजे १२ मेगापास्कल येतो. या तिन्ही परिस्थितींत रेडियल आणि हूप स्ट्रेस तेच राहतात.

झाकणाच्या अगदी जवळ मात्र यातलं काहीच खरं मानू नका. तिथे झाकण भिंतीला फुगू देत नाही, छेद सपाट राहत नाही, आणि लामेचा आधारच जातो. भिंतीला आडवं छिद्र असेल तर त्याच्या काठावरचा स्ट्रेसही या सूत्रातून मिळत नाही. तो बराच जास्त असतो.

## ८. यील्डशी कोणता आकडा ताडायचा

इथे सर्वात महाग चूक होते. कमाल हूप स्ट्रेस १००, यील्ड २५०, म्हणजे सुरक्षा गुणांक अडीच, असं लिहून लोक मोकळे होतात. पोलाद असं वागत नाही. ते घसरून यील्ड होतं, आणि घसरण सर्वात मोठ्या व सर्वात लहान स्ट्रेसमधल्या फरकाने होते. आतल्या पृष्ठभागावर एका दिशेला १०० चा ताण आहे आणि काटकोनात ६० चा दाब. दोन्ही मिळून त्या थराला एकाच बाजूला घसरवतात.

ट्रेस्काच्या निकषाने फरक १०० वजा उणे ६०, म्हणजे १६०. सुरक्षा गुणांक १.५६. फॉन मिझेसच्या निकषाने, बंद टोकांसाठी, तुल्य स्ट्रेस १३८.६ येतो आणि गुणांक १.८०. अडीच कुठेच नाही. बंद टोकांसाठी दोन्ही सूत्रं छोटी आहेत:

```
Tresca:    2·B/r²
von Mises: √3·B/r²
```

दोन्हींत A नाही, फक्त B. म्हणून आतला थर बाहेरच्यापेक्षा किती त्रासात आहे हे थेट k च्या वर्गावर ठरतं. आपल्याकडे k २, तेव्हा आत १६० आणि बाहेर ४०, बरोबर चौपट.

मटेरियल ओतीव लोखंडासारखं ठिसूळ असेल तर गोष्ट वेगळी. ते घसरण्याआधी ताणाने तडकतं, तेव्हा तिथे १०० हाच आकडा त्याच्या ताण सोसण्याच्या ताकदीशी ताडायचा.

## ९. जाडी वाढवण्याआधी हा हिशोब करा

गुणांक कमी पडला की पहिला विचार येतो, भिंत जाड करू. आपल्या पोलादात, आतली त्रिज्या तीच ठेवून, ट्रेस्काने पहिलं यील्ड किती दाबाला होतं ते पाहा. k दोन असताना ९४ मेगापास्कल. k तीन केला तर १११. k चार केला तर ११७. आणि भिंत अमर्याद जाड केली तरी १२५, म्हणजे यील्डच्या निम्मे. त्याच्या वर जाताच येत नाही.

वजन मात्र k चा वर्ग वजा एक या हिशोबाने वाढतं: ३, ८, १५. दोनवरून चारवर जाताना पोलाद पाचपट लागलं आणि मिळाला फक्त पाव हिस्सा जास्त दाब. पायरी ३ मधली बाहेरची कडी आठवली की कारण कळतं. आपण अशाच कमी काम करणाऱ्या कड्या आणखी जोडत होतो.

म्हणून जास्त दाबाला जाडीऐवजी आतल्या थराला आधीच दाबून ठेवण्याचा मार्ग घेतात. एक पद्धत म्हणजे बाहेरची नळी तापवून आतल्या नळीवर चढवायची. थंड होताना ती आवळते आणि आतल्या नळीत हूप दिशेचा दाब बसवते. दुसरी पद्धत ऑटोफ्रेटेज. सिलिंडरला एकदा मुद्दाम इतका दाब द्यायचा की आतला थर यील्ड होऊन कायमचा फुगेल. दाब काढला की अजून लवचीक असलेला बाहेरचा भाग त्याला आवळून धरतो. दोन्हींत कामाचा दाब आधी ही आवळण फेडतो आणि मगच आतल्या थराला ताणायला लागतो. तेव्हा एकूण हूप स्ट्रेस म्हणजे लामेचा आकडा अधिक आधीचा उरलेला स्ट्रेस, आणि दोन्हींची बेरीज चिन्हांसकट करायची.

## १०. प्रत्यक्ष सिलिंडरवर ताडून पाहा

आतल्या थराला हात लावता येत नाही, पण बाहेरच्या पृष्ठभागावर स्ट्रेन गेज चिकटवता येतो. एक घेराच्या दिशेने, एक लांबीच्या दिशेने, दोन्ही टोकांपासून दूर. बंद टोकांच्या आपल्या सिलिंडरवर ६० मेगापास्कलला अपेक्षित वाचन असं:

```
εθ = (40 − 0.3×20)/200000 = 170 × 10⁻⁶
εz = (20 − 0.3×40)/200000 =  40 × 10⁻⁶
```

लांबीच्या गेजवर अधिक ४० ऐवजी उणे ६० दिसलं तर घाबरू नका आणि तारा उलट्या लागल्या असं लगेच ठरवू नका. घेराचा गेज त्याच वेळी २०० दाखवत असेल तर सिलिंडर लांबीला मोकळा आहे. घेराने फुगताना तो लांबीने आखूड होतोय, म्हणजे टोकांबद्दलचं तुमचं गृहीतक चुकलं. दोन्ही वाचनं एकाच पटीत कमी असतील तर आधी दाबाचा गेज तपासा. दाब पायरीपायरीने वाढवून प्रत्येक वेळी नोंद घ्या. एकाच दाबाच्या वाचनावर निष्कर्ष टेकवू नका.

बाहेरच्या गेजची एक मर्यादा समजून घ्या. वाचनं दाबाच्या सरळ प्रमाणात येत आहेत, म्हणजे सगळी भिंत लवचीक आहे, असं अनुमान काढलं जातं. ट्रेस्काने आपला सिलिंडर ९४ मेगापास्कलला आतून यील्ड व्हायला लागतो. दाब १११ वर नेला की यील्ड झालेला भाग ५ मिमी खोल जातो. त्या वेळी बाहेरचा हूप स्ट्रेस ७५.६ असतो, आणि सगळं लवचीक धरून लामेच्या सूत्राने काढला तर ७४. दोन टक्क्यांचा हा फरक गेजच्या वाचनातल्या नेहमीच्या चढउतारात सहज लपतो. आत यील्ड झालं की नाही हे ठरवायचं असेल तर दाब पूर्ण उतरवा आणि बोअरचा व्यास पुन्हा मोजून चाचणीआधीच्या मापाशी ताडा.